जागतिक सिनेमाकडे जाणारी एक वाट



'जागतिक चित्रपटांची ओळख' हा विषय अकादमीने मला दिला तेव्हा मी आधी घाबरलो आणि मग तो माझ्या अनुभवापुरता आवळून घेतला. मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. इंदूरला एका महाविद्यालयात मराठी शिकवलं, निवृत्त झालो, आणि गेली काही वर्षं घराच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी दहा-पंधरा जणांना जमवून चित्रपट पाहतो. त्यात माझे जुने विद्यार्थी आहेत, दोन शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत. या खोलीत जे चुकलं आणि जे जमलं, तेच आज सांगणार आहे.

पहिल्याच शनिवारी मी तारकोव्हस्कीचा 'मिरर' लावला. माझा आवडता चित्रपट, १९७५ सालचा. मनात असं होतं की एकदम शिखरच दाखवावं. चौदा जण बसले होते. चहासाठी थांबलो तेव्हा नऊ उरले आणि शेवटी सहा. त्यातली एक विद्यार्थिनी जाताना म्हणाली, "सर, मला वाटतं मला एवढी अक्कल नाही." हे वाक्य मला फार लागलं. ती मुलगी मर्ढेकर वाचणारी होती, तिची अक्कल कमी नव्हती. चूक माझी होती. ज्यांनी अजून बाराखडी गिरवली नाही, त्यांच्यापुढे मी मोडी लिपीतलं पत्र ठेवलं होतं.

मग अडचण नेमकी कुठे आली, याचा विचार करत बसलो. 'मिरर'चा विषय अवघड नाही. आई, बालपण, युद्ध, सोडून गेलेला बाप, हे कोणालाही कळतं. अवघड होतं ते बघणं. आपण लहानपणापासून जे चित्रपट पाहतो ते आपला हात धरून नेतात. पुढे काय होणार ही उत्सुकता धरून ठेवते. संगीत रडायचं कुठे ते सांगतं. नटाच्या चेहऱ्यावर त्याच्या मनातलं लिहिलेलं असतं. महत्त्वाची घटना आपल्या डोळ्यांसमोर घडते, आणि घटना घडल्या त्याच क्रमाने येतात. 'मिरर'मध्ये यातले बहुतेक आधार एकाच वेळी काढून घेतलेले आहेत. म्हणून मी ठरवलं की एका चित्रपटात शक्यतो एकच आधार सुटेल अशा बेताने क्रम लावायचा. आजची वाट ती आहे.

आणखी एक अडचण होती, ती आपल्यासारख्यांची खास. खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी. ज्यांचं शिक्षण मराठीतून किंवा हिंदीतून झालं, त्यांना त्या ओळी वाचता येतात, पण वाचून डोळे वर न्यायच्या आत दृश्य पुढे गेलेलं असतं. हे लोक संकोचाने सांगत नाहीत, नुसते गप्प होतात. कोणी शेवटी "छान होता" एवढंच म्हणालं की मी समजतो, याने चित्रपट पाहिला नाही, वाचला. तेव्हा क्रम लावताना बोलणं किती आहे, हेही मी बघतो. सुरुवातीला कमी बोलणारे चित्रपट घ्यावेत.

पहिला चित्रपट डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज', १९४८. याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगतो. युद्धानंतरच्या रोममध्ये भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी एका बेकार माणसाला मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पुढे बाप आणि मुलगा शहरभर सायकल शोधतात. इथे कथा आहे, संगीत आहे, रडू आहे. सुटतो तो एकच आधार, न्यायाचा. सायकल मिळत नाही, चोराला शिक्षा होत नाही. मुख्य भूमिका करणारा माणूस नट नव्हता, कारखान्यात काम करणारा होता. चादरी गहाण पडतात ते दृश्य मी दोनदा दाखवतो. कारकून ते गाठोडं घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो, आणि आपल्याला दिसतं की तिथे छतापर्यंत अशीच गाठोडी रचलेली आहेत. एकही वाक्य न बोलता कॅमेऱ्याने सांगितलं की ही एका घराची गोष्ट नाही. नवख्याला 'कॅमेरा बोलतो' म्हणजे काय हे इथे समजतं.

बरेच जण सुरुवातीला कुरोसावाचा 'राशोमोन' सुचवतात. चित्रपट थोर आहे, पण माझा अनुभव असा की लोक 'एकच घटना, वेगवेगळ्या साक्षी' एवढं सूत्र घेऊन घरी जातात आणि बाकीचं विसरतात. तो मी मागे ठेवतो.

दुसरा, इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस', १९८७. अहमद नावाचा शाळकरी मुलगा चुकून बाकावरच्या मित्राची वही घरी आणतो. दुसऱ्या दिवशी वहीत गृहपाठ नसेल तर गुरुजी त्या मित्राला शाळेतून काढणार असतात. मित्र शेजारच्या गावात राहतो, घर माहीत नाही. बस, एवढीच गोष्ट. इथे कथानकाचा आधार अगदी बारीक होतो. टेकडीवरची नागमोडी वाट, वर एकटं झाड, आणि ती वाट धावत चढणारा मुलगा हे पुन्हा येतं. पहिल्यांदा वाटतं, हे कशाला परत दाखवतायत? पण आता दिवस कलतोय आणि वही अजून त्याच्याच हातात आहे. तीच वाट आता वेगळी दिसते. पुनरावृत्तीकडे बघायची सवय इथे लागते, आणि ती पुढे फार कामाला येते. शिक्षकांना हा चित्रपट जरा टोचतो. त्यातली मोठी माणसं दुष्ट नाहीत, ती फक्त मुलाचं बोलणं ऐकत नाहीत. आई पाळणा हलवायला सांगते, आजोबा सिगारेट आणायला पाठवतात. आमच्या दोन्ही शिक्षिका त्या दिवशी बराच वेळ बोलल्या नाहीत.

तिसरा रोबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड', १९५६. नावातच शेवट सांगून टाकलाय, माणूस निसटतो. म्हणजे 'पुढे काय होणार' हा आधार दिग्दर्शकाने मुद्दाम काढून घेतला. शिवाय नट चेहऱ्यावर काहीच दाखवत नाहीत. ब्रेसाँ अभिनय न शिकलेली माणसं घेई आणि त्यांना सपाट बोलायला लावी. आता हातात उरतं काय? हात आणि आवाज. लिआँच्या तुरुंगात जर्मनांनी पकडलेला फोंतेन लोखंडी चमचा जमिनीवर घासून त्याची पटाशी करतो, आणि दारातल्या फळ्यांच्या सांध्यातलं मऊ लाकूड दिवसचे दिवस कोरत राहतो. पडलेला भुसा गोळा करतो. बाहेर पावलं वाजली की थांबतो. प्रेक्षकही थांबतात, मी ते खोलीत पाहिलंय.

सुरुवातीचं दृश्य ऐका. मोटारीतून कैद्याला नेत आहेत. त्याचा हात दाराच्या मुठीकडे सरकतो. गाडीचा वेग कमी होताच तो दार उघडून पळतो. आणि कॅमेरा? कॅमेरा गाडीतच बसून राहतो. रिकामी जागा दिसते, बाहेर गोळ्यांचे आवाज येतात, आणि थोड्या वेळात त्याला परत आणून बसवतात. कोणताही दुसरा दिग्दर्शक त्याच्यामागे धावला असता. इथे नवखा माणूस ही गोष्ट शिकतो की महत्त्वाची घटना पडद्याबाहेर घडू शकते आणि ती कानाने पाहता येते. बोलणं कमी असल्याने खालच्या ओळींचा त्रासही कमी. हे साधल्याशिवाय पुढच्या चित्रपटाकडे जाऊ नये.

पुढचा म्हणजे यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी', १९५३. माझ्या मते या वाटेवरचा खरा घाट हा. दोन तास सोळा मिनिटं, बोलणं भरपूर, आणि घडत काहीच नाही असं वाटतं. ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावी राहणारं म्हातारं जोडपं टोकियोतल्या मुलांना भेटायला जातं. थोरला डॉक्टर आहे, त्याला वेळ नाही. मुलगी शिगे केशभूषेचं दुकान चालवते, तिलाही नाही. दोघे मिळून आईबापांना आतामीच्या गरम पाण्याच्या ठिकाणी पाठवून देतात, तिथे रात्रभर गोंगाट. आपुलकी दाखवते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. दोघे परत निघतात, वाटेत आईची तब्येत बिघडते, आणि घरी पोचल्यावर ती जाते.

एवढं सांगितलं की आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो, म्हणजे 'नटसम्राट'. इथेच गफलत होते. 'नटसम्राट'चा साचा आपल्या रक्तात आहे: कृतघ्न मुलं, लाथाडलेला बाप, आणि त्या बापाचं पल्लेदार स्वगत. त्या साच्यातून ओझूकडे पाहिलं की माणूस स्वगताची वाट बघत बसतो आणि ते येत नाही. इथला बाप, शुकिची, मित्रांबरोबर पिऊन येतो त्या रात्रीही मुलांना शाप देत नाही. उलट परतताना नवराबायको आपसात ठरवतात की आपली मुलं इतरांच्या मानाने बरीच म्हणायची. कोणी चित्रपटानंतर "शिगे किती वाईट" असं म्हणून थांबलं तर मी समजतो की गाडी चुकीच्या रुळावर गेली. मग मी एवढंच विचारतो, आई गेल्यावर सगळ्यांत मोठ्याने कोण रडलं? शिगे. आणि अंत्यविधीनंतर जेवताना आईची वस्त्रं आठवण म्हणून कोणी मागितली? शिगेनेच. दोन्ही खरं आहे. तिचं रडणं खोटं नाही आणि मागणंही तिला वावगं वाटत नाही. आपल्या घरांतल्या तेराव्याच्या दिवशी हे आपण पाहिलेलं आहे, फक्त कबूल करत नाही.

आता बघायचं कसं? मी तीन गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतो, एकेका वेळी एक. पहिली, कॅमेऱ्याची उंची. तो जमिनीजवळ असतो आणि जवळजवळ हलत नाही. आपल्याकडे पाटावर किंवा सतरंजीवर बसलेल्या माणसाला खोली जशी दिसते, तशी ती दिसते. आमचे बँकेचे शेजारी म्हणाले, "हा बाबा पाहुणा म्हणून येऊन बसलाय." मला यापेक्षा चांगलं वर्णन सुचलेलं नाही.

दुसरी, काय दाखवलेलं नाही. आईला गाडीत अस्वस्थ वाटलं, ओसाकाला उतरावं लागलं, हे आपण पाहत नाही. तिथे नोकरी करणारा धाकटा मुलगा आपल्या सहकाऱ्याला सांगतो तेव्हा कळतं. मृत्यूही दिसत नाही. सकाळपर्यंत टिकणार नाही असं डॉक्टर मुलगा सांगतो. मग पहाटेचं गाव दिसतं, धक्का, रिकामे रस्ते, आणि नंतर खोलीत ती झाकलेली असते. ब्रेसाँच्या मोटारीतली रिकामी जागा ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजायला वेळ लागत नाही. आणि बाप कुठे आहे? बाहेर उभा. नोरिको त्याला शोधत येते तेव्हा तो पहाट किती सुंदर होती एवढं बोलतो, आणि आज उकडणार असं म्हणतो.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती मी या सभेत जरा थांबून सांगणार आहे. इंग्रजी ओळींमध्ये सगळेच एकमेकांना 'यू' म्हणतात. प्रत्यक्षात त्या घरात बोलण्याच्या पायऱ्या आहेत. सून सासूशी ज्या आदराने बोलते आणि मुलगी आईशी जसं तोडून बोलते, त्यात आपल्या 'आपण' आणि 'तू'इतकं अंतर आहे. जपानी येत नसलं तरी हे ऐकू येतं, वाक्याच्या लांबीवरून, शेवटच्या हेलावरून. म्हणून मी नोरिको आणि सासूचं एक दृश्य खालच्या ओळी बंद करून दाखवतो. त्याहून महत्त्वाचं, म्हातारी माणसं आपल्या गावची बोली बोलतात आणि टोकियोतली मुलं शहरी प्रमाण भाषा. हे समजलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण हे आमचं घर आहे. इंदूरहून पुण्याला शिकायला गेलेला मुलगा सुटीत घरी येतो आणि "मी येऊन राहिलो" म्हणता म्हणता अडखळून "येतोय" म्हणतो. आई काही बोलत नाही. पण तिला कळतं की तो पुण्याला एकदाचा पोचला. बेळगाव, बडोदा, हैदराबादहून आलेल्या श्रोत्यांना हे मी समजावून सांगायला नको. 'टोकियो स्टोरी'त मुलं दूर गेली हे कोणी कुठेही म्हणत नाही, आईबाप बोलायला तोंड उघडतात आणि ते ऐकू येतं.

व्यवहाराची सूचना: हा चित्रपट दाखवण्याआधी मी गोष्ट पूर्ण सांगून टाकतो, मृत्यूसकट, आणि नात्यांचा तक्ता फळ्यावर लिहितो. गोष्ट माहीत असली की डोळे खालच्या ओळींपासून सुटतात. यात रस जाईल असं काहींना वाटतं. रस जात नाही, आपण कीर्तनाला कथा माहीत असूनच जातो.

पाचवा आणि सगळ्यांत लांब, बेल्जियमच्या शांताल अकरमनचा 'जान दिलमन', १९७५. तीन तास एकवीस मिनिटं. दिग्दर्शिका तेव्हा पंचविशीत होती. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात हा चित्रपट पहिला आला, तेव्हा बऱ्याच जणांनी कुतूहलाने लावला आणि अर्ध्या तासात बंद केला. एक विधवा, तिचा मुलगा, ब्रसेल्समधलं घर, आणि तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घालते, खोलीतून निघताना दिवा मालवते. दुपारी एक पुरुष येतो, तो पैसे देऊन जातो, ते ती टेबलावरच्या झाकणाच्या भांड्यात ठेवते. कॅमेरा समोर उभा आणि काम जितका वेळ घेतं तितकाच वेळ पडद्यावर. इथे वेळ वाचवण्याचा आधारही गेला.

पहिल्या दिवशी कंटाळा येतो, येऊ द्यावा. तो दिवस पाठ करण्यासाठी आहे. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ती पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, ते कुठे ठेवायचं हेच तिला सुचत नाही. पैशाच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं. हे कोणी सांगत नाही, संगीत वाजत नाही. पण जो पहिला दिवस बसून राहिला त्याला त्या उघड्या भांड्याची भीती वाटते. आमच्याकडे एका शिक्षिकेने बटाट्याच्या वेळी मोठ्याने "अगं बाई" म्हटलं. तिच्या शेजारी बसलेल्या दोन तरुणांना काय झालं ते कळलंच नव्हतं. घरात स्वयंपाक कोण करतं, हे त्या क्षणी उघड झालं. तिसऱ्या दिवशी काय होतं ते मी आज सांगणार नाही, इथे मात्र न सांगणंच योग्य.

हा चित्रपट मोबाइलवर किंवा वेग वाढवून पाहू नये, कारण वेग हाच त्याचा मजकूर आहे. दिवस संपल्याची पाटी पडद्यावर येते, तिथे थांबून चहा घ्यावा. पण पहिला दिवस मध्ये तोडू नये.

या पाच चित्रपटांना आम्हाला दोन महिने लागले, कारण मधल्या शनिवारी तोच चित्रपट, किंवा त्यातली पंधरा-वीस मिनिटं, पुन्हा पाहिली. त्यानंतर मी 'मिरर' परत लावला. ती विद्यार्थिनी आली होती. चित्रपटात एकच नटी निवेदकाच्या तरुणपणच्या आईचं आणि त्याच्या बायकोचं काम करते, आणि काळ सांगून न सांगता बदलतो, यावर पहिल्या वेळी सगळे अडखळले होते. या वेळी चहाच्या सुमारास ती म्हणाली, "सर, मला सगळं कळलं नाही. पण ती कुंपणावर बसलेली आई आणि आरशातली बायको एकच दिसतात कारण त्याला त्या तशाच आठवतात ना?" मी हो म्हटलं. मग तिने विचारलं की कोठार जळतं तेव्हा पाऊसही पडत असतो का, थेंबांचा आवाज येत होता. मला आठवेना. आम्ही ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं, आणि चहा गार झाला.